क्रिएटिनिन ‘उत्तम’ असतानाच गाळणी झिजू लागते

४२ वर्षांचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. सारखी तहान लागते, रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं, म्हणून त्याने रक्त तपासलं आणि टाइप २ मधुमेह निघाला. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, ९.८. किडनीसाठी म्हणून क्रिएटिनिनही केलं होतं, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते त्या एका टाकाऊ पदार्थाची पातळी, ते आलं ०.७. त्यावरून काढलेला जीएफआर, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळतात तो आकडा, आला ११८. घरच्यांना हायसं वाटलं. शुगर वाढली खरी, पण किडनी ठणठणीत आहे.

हा माणूस मी समजावण्यासाठी रचलेला आहे. पण असे रिपोर्ट रोज कुठे ना कुठे वाचले जातात, आणि पहिली गफलत नेमकी इथेच होते. मधुमेहाच्या सुरुवातीला चांगला दिसणारा जीएफआर कधीकधी किडनी गरजेपेक्षा जास्त राबत असल्याची खूण असतो. या अवस्थेला हायपरफिल्ट्रेशन म्हणतात. आपण ‘अतिगाळण’ म्हणू. इथून लघवीतून प्रोटीन जाण्यापर्यंतचा प्रवास बहुधा दहा-वीस वर्षांचा असतो, आणि त्यातली बरीचशी वर्षं माणसाला काहीही जाणवत नाही. तो प्रवास आत कसा घडतो हे एकदा कळलं, की शुगर आणि बीपीची औषधं किडनीसाठी नेमकं काय करतात हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

दोन तोट्या

एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. डॉक्टर त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. शरीरात इतर ठिकाणी अशा बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात एकीकडून धमनी शिरते आणि दुसरीकडून शीर निघते. इथे मात्र आत येणारीही धमनी आणि बाहेर जाणारीही धमनीच. दोन्हींच्या भिंतींत स्नायू असतात, त्यामुळे दोन्ही आवळता येतात आणि सैल सोडता येतात. म्हणजे गुच्छाच्या आधी एक तोटी आणि नंतर एक तोटी. आतली उघडली तर गुच्छातला दाब वाढतो. बाहेरची आवळली तरीही वाढतो. या दोन तोट्या लक्षात ठेवा. पुढचं सगळं, औषधांसकट, त्यांच्याभोवतीच फिरतं.

या दाबामुळे रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेले बारीक कण गाळणीतून पलीकडच्या नळीत उतरतात. दिवसाला सुमारे १८० लिटर. शरीरात रक्तातला पातळ भाग असतो जेमतेम ३ लिटर, म्हणजे तो दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. नळी यातलं जवळजवळ सगळं परत ओढून घेते, आणि उरलेल्या दीड-दोन लिटरला आपण लघवी म्हणतो.

गाळलेल्या द्रवात साखरही असते. शरीर ती फुकट जाऊ देत नाही. नळीच्या सुरुवातीच्या भागात एसजीएलटी२ नावाचे वाहक बसलेले असतात, आणि सुमारे ९० टक्के साखर तेच परत उचलतात. पण ते साखर एकटी उचलत नाहीत. साखरेच्या प्रत्येक कणाबरोबर सोडियमचा, म्हणजे मिठातला, एक कण सोबत जातो. एरवी याने काही बिघडत नाही.

मधुमेहात नळीत उतरणारी साखर वाढते. ती वाया जाऊ नये म्हणून नळी वाहक वाढवते, स्वतःही जाड होते, म्हणूनच सुरुवातीच्या काळात सोनोग्राफीत मूत्रपिंड थोडं मोठं दिसू शकतं. साखर जास्त उचलली जाते, तिच्याबरोबर मीठही जास्त उचललं जातं, आणि नळीत पुढे मीठ कमी पोहोचतं.

आता या रचनेतली सर्वांत देखणी गोष्ट. ही नळी पुढे वळसा घालून पुन्हा आपल्याच गुच्छाच्या दाराशी येते, आणि तिथे मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशींचा एक पुंजका तिच्यातलं मीठ जोखत बसलेला असतो. मीठ जास्त आलं तर ‘गाळणं फार होतंय’ असं समजून आत येणारी तोटी आवळली जाते. मीठ कमी आलं तर ‘गाळणं कमी पडतंय’ असं समजून ती सैल सोडली जाते. निरोगी माणसात हा हिशेब बरोबर येतो. मधुमेहात मीठ कमी येण्याचं कारण वेगळंच असतं, ते वाटेतच उचललेलं असतं, पण या पेशींना ते कळायला मार्ग नाही. त्या तोटी उघडतात. त्याच सुमारास अँजिओटेन्सिन २ नावाचं संप्रेरक बाहेरची तोटी आवळून धरतं. आवक वाढली, जावक अडली, आणि गुच्छात दाब चढला. हेच अतिगाळण.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाला हे होतंच असं नाही. शिवाय क्रिएटिनिनवरून काढलेला जीएफआर वरच्या टोकाला ढोबळ असतो, त्यामुळे एकट्या ११८ वरून ‘अतिगाळण आहे’ असा शिक्का मारता येत नाही. पण शुगर खूप चढलेली असताना जीएफआर वरच्या अंगाला असेल, तर त्या आकड्यावर निर्धास्त होण्यासारखं काही नाही, एवढं नक्की.

गाळणी झिजते म्हणजे काय झिजतं

गाळणीची भिंत तीन पदरी असते. आतून रक्तवाहिनीचं सच्छिद्र अस्तर, मध्ये एक पातळ पडदा, आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. या पेशींना बारीक बारीक पाय फुटलेले असतात, आणि शेजारच्या पेशीच्या पायांत ते असे अडकतात, जशी आपण दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफतो. बोटांमध्ये राहणाऱ्या फटींवर आणखी एक सूक्ष्म जाळी असते. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन इथे अडतं. मधल्या पडद्यावर असलेला ऋण विद्युतभारही त्याला मागे लोटतो, कारण अल्ब्युमिनवरचा भारही ऋणच असतो.

आता गुच्छात दाब चढलाय. वाहिन्या फुगतात आणि त्यांना बाहेरून कवटाळून बसलेल्या पोडोसाइट ताणल्या जातात. एखादी पेशी हा ताण सोसू शकत नाही, सुटते आणि लघवीतून वाहून जाते. त्वचेच्या किंवा आतड्याच्या पेशी गेल्या तर नव्या तयार होतात. पोडोसाइट मात्र जवळपास विभागतच नाहीत. गेलेलीची जागा शेजारणीला आणखी ताणून भरून काढावी लागते, आणि त्यामुळे तिचाही सुटण्याचा धोका वाढतो.

साखर आपल्या बाजूने वेगळं नुकसान करत असते. ती प्रथिनांना चिकटते, पेशींना सूजेचे आणि वण धरण्याचे निरोप देते. मधला पडदा जाड होतो, पण जाड होऊन घट्ट होत नाही. त्याची वीण बिघडते आणि विद्युतभार कमी होतो. वाहिन्यांना आधार देणारा मधला भराव वाढत जातो आणि वाहिन्यांनाच दाबू लागतो. काही जणांत त्या भरावाच्या गोल गाठी होतात. १९३६ साली किमेलस्टील आणि विल्सन यांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवल्या, आणि आजही बायोप्सीच्या रिपोर्टात त्या दोघांच्या नावानेच ओळखल्या जातात.

एवढं सगळं होत असताना क्रिएटिनिन नॉर्मल, लघवीची साधी तपासणी नॉर्मल, अंगावर सूज नाही, वेदना नाही. मूत्रपिंडाला दुखणं सांगता येत नाही, आणि ज्या गाळण्या शाबूत आहेत त्या बाकीच्यांचं काम उचलतात, म्हणून एकूण आकडा चांगलाच दिसत राहतो. बरीच वर्षं.

पहिली गळती, आणि ती हुकते कशी

आपला माणूस आता ४८ वर्षांचा आहे. शुगर कधी बरी, कधी वाईट. क्रिएटिनिन ०.९, जीएफआर १०५. लघवीच्या साध्या तपासणीत प्रोटीनपुढे लिहिलंय ‘निल’. सगळं छान, असं तो समजतो.

त्या दिवशी त्याची एसीआर ही तपासणी केली असती तर ती आली असती ६४.

एसीआर म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. नुसतं अल्ब्युमिन मोजून भागत नाही, कारण माणूस पाणी किती प्यायला त्यावर लघवी पातळ-दाट होते. क्रिएटिनिनही त्याच प्रमाणात पातळ-दाट होतं, म्हणून एकाला दुसऱ्याने भागलं की पाण्याचा फरक बराचसा निघून जातो. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली. ३०० च्या वर म्हणजे उघड प्रोटीन जाणं, ज्याला प्रोटिन्युरिया म्हणतात. लघवीत बुडवायची साधी रंगपट्टी मात्र गळती या वरच्या टप्प्याजवळ पोहोचेपर्यंत बहुधा काहीच दाखवत नाही. म्हणून ‘लघवी तपासली, प्रोटीन निल आहे’ एवढ्यावर मधुमेहात समाधान मानू नये. ज्या काळात उपचाराचा सर्वांत जास्त उपयोग होतो, नेमका तोच काळ पट्टीच्या नजरेतून सुटतो.

टाइप २ मधुमेहात एसीआर निदानाच्याच दिवशी करावी, कारण मधुमेह खरा कधी सुरू झाला हे कोणालाच ठाऊक नसतं. निदानाआधीच काही वर्षं गेलेली असू शकतात. टाइप १ मध्ये सुरुवात सहसा ठळक असते, म्हणून तिथे पाच वर्षांनंतर. मग दोन्हीकडे दरवर्षी. सकाळची पहिली लघवी उत्तम.

एकदाच आकडा जास्त आला म्हणून मात्र घाबरून जाऊ नका. आदल्या दिवशी जोरदार व्यायाम झाला असेल, ताप असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, पाळी चालू असेल, शुगर किंवा बीपी फारच चढलेलं असेल, तरी अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून त्यातल्या दोनदा वाढलेलं दिसलं, तरच ते खरं धरतात. आणि ३० ते ३०० या टप्प्यातल्या प्रत्येकाची गळती वाढतच जाते असंही नाही. शुगर आणि बीपी आटोक्यात आले तर कित्येकांची पुन्हा ३० च्या खाली येते.

आपल्या माणसाची ती तपासणी झाली नाही. ५२ व्या वर्षी लघवीला फेस दिसू लागला, भांडंभर पाणी टाकलं तरी न जाणारा. संध्याकाळी पायांवर मोज्याचा वळ खोल उमटू लागला. आता एसीआर ४२०, बीपी १५२/९४, एचबीए१सी ९.१, क्रिएटिनिन १.१. लॅबच्या कागदावर १.१ हा आकडा मर्यादेतच छापला होता. पण त्याच्या वयाला तो जीएफआर ८१ दाखवतो. चार वर्षांत १०५ वरून ८१, म्हणजे वर्षाला ६.

वयानुसार जीएफआर सगळ्यांचाच घटतो, साधारण वर्षाला एकाच्या आसपास. इथे तो सहापट वेगाने चाललाय. प्रोटीन जाऊ लागल्यावर घसरण वेग घेते याला कारणं आहेत. गळलेलं प्रोटीन नळीच्या पेशी परत उचलायला बघतात, त्या ओझ्याने त्यांनाच सूज येते आणि भोवती वण धरतो. शिवाय गाळण्या जसजशा बंद पडतात तसतसं उरलेल्यांवर जास्त काम येतं, त्यांच्यात दाब आणखी चढतो. जे मधुमेहाने सुरू झालं ते आता स्वतःच्याच बळावर पुढे सरकू लागतं.

शुगर: परिणाम उशिरा दिसतो, पण टिकतो

शुगर आटोक्यात ठेवल्याने किडनी वाचते हे आज कोणीही सहज म्हणतं, पण १९९३ पर्यंत ते ठामपणे सिद्ध झालेलं नव्हतं. त्या वर्षी डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप १ चे १,४४१ रुग्ण, दोन गट; एकाचं एचबीए१सी सरासरी सातच्या आसपास ठेवलं, दुसऱ्याचं नऊच्या आसपास राहिलं. सरासरी साडेसहा वर्षांत पहिल्या गटात अल्ब्युमिनची पहिली गळती ३९ टक्क्यांनी आणि मोठी गळती ५४ टक्क्यांनी कमी आढळली.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढे घडलं. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची शुगर हळूहळू सारखीच, आठच्या आसपास, येऊन ठेपली. म्हणजे आता फरक पुसला जायला हवा होता. तसं झालं नाही. सुरुवातीची साडेसहा वर्षं शुगर नीट राहिलेल्यांच्या किडन्या नंतरही कितीतरी वर्षं जास्त सुरक्षित राहिल्या. सुमारे २२ वर्षांनंतरच्या हिशेबात त्यांच्यात जीएफआर ६० च्या खाली जाण्याचा धोका निम्मा निघाला. डॉक्टर याला शरीराची स्मृती म्हणतात. गाळणीच्या पडद्यातली प्रथिनं फार सावकाश बदलतात, त्यांना चिकटलेली साखर वर्षानुवर्षं तिथेच राहते, हे त्याचं एक कारण समजलं जातं.

ही स्मृती दोन्ही बाजूंनी चालते. १९९८ मध्ये टाइप १ च्या आठ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांच्यावर स्वादुपिंडाचं प्रत्यारोपण झालं होतं, त्यामुळे शुगर पूर्ण नॉर्मल राहत होती. पाच वर्षांनी किडनीची बायोप्सी केली, तर गाळण्यांत सुधारणा जवळपास नव्हती. दहा वर्षांनी पुन्हा केली, तेव्हा जाड झालेले पडदे आणि वाढलेला भराव बऱ्याच अंशी ओसरलेले दिसले. तीन महिने पथ्य पाळून एसीआर हललं नाही म्हणून निराश होणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

शुगर खाली आणायलाही मर्यादा आहे. ज्यांना हृदयाचा धोका आहे किंवा मधुमेह खूप जुना आहे, अशांना अतिशय कडक नियंत्रणाने अपाय होऊ शकतो हे २००८ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, अकॉर्डमध्ये, दिसलं. म्हणून बहुतेकांसाठी ध्येय सातच्या आसपास, आणि वय व इतर आजार पाहून कुणासाठी साडेसहा तर कुणासाठी आठ, असं डॉक्टर ठरवतात.

बीपी: दारावरचा राखणदारच जागेवर नसतो

निरोगी माणसाचं बीपी अचानक चढलं तरी गुच्छातला दाब फारसा वाढत नाही, कारण आत येणारी तोटी लगेच आवळते आणि गुच्छाला वाचवते. मधुमेहात हीच तोटी सैल पडलेली असते. त्यामुळे शरीरातलं वाढलेलं बीपी थेट गाळणीवर आदळतं. १५२ चं बीपी मधुमेह नसलेल्या माणसाच्या गाळणीला जितकं जाचतं, त्याहून कितीतरी जास्त आपल्या माणसाच्या गाळणीला जाचतंय.

डेन्मार्कमध्ये पार्विंग आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये फक्त दहा रुग्णांवरचा एक अभ्यास मांडला. मधुमेहाने प्रोटीन जात असलेल्या या रुग्णांचं बीपी औषधांनी १४४/९७ वरून १२८/८४ वर आणलं, आणि जीएफआरची घसरण महिन्याला ०.९१ वरून ०.३९ वर आली. दहाच माणसं, पण घसरणीचा वेग निम्म्याहून कमी करता येतो हे तिथे आकड्यांत दिसलं.

पुढे कळलं की बीपी कमी करणारी सगळी औषधं गाळणीसाठी सारखी नसतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं ती, आणि ज्यांच्या शेवटी ‘सार्टन’ येतं ती, अँजिओटेन्सिनचं काम अडवतात, म्हणजे बाहेरची आवळलेली तोटी सैल करतात. अंगातलं बीपी उतरतंच, वर गुच्छातला दाब वेगळा उतरतो. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलने टाइप १ मध्ये, आणि २००१ मध्ये लोसार्टन व इर्बेसार्टनने टाइप २ मध्ये हे सिद्ध केलं.

राहिली आत येणारी तोटी. तिचा उपाय सापडायला आणखी दीड दशक गेलं. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली औषधं एसजीएलटी२ वाहकच बंद करतात. साखर लघवीतून निघून जाते, पण किडनीसाठी खरी गंमत मिठाची आहे. मीठही आता वाटेत उचललं जात नाही, ते पुढे त्या जोखणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतं, त्यांना हिशेब बरोबर दिसतो आणि त्या तोटी पुन्हा आवळतात. म्हणूनच किडनीला मिळणारा फायदा शुगर किती उतरली यावर फारसा अवलंबून नसतो. २०१९ च्या क्रेडेन्स अभ्यासात, आधीच ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ घेत असलेल्या रुग्णांना कॅनाग्लिफ्लोझिन दिल्यावर किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर गोष्टी ३० टक्क्यांनी कमी झाल्या.

बीपीचं ध्येय साधारण १३०/८० च्या खाली. जेवणात मीठ जास्त असेल तर ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गटांचा परिणाम बोथट होतो, म्हणून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं सांगतात.

जिथे लोक औषध सोडतात ती जागा

आपल्या माणसाला आधी लोसार्टन आणि महिन्याभराने ग्लिफ्लोझिन गटातलं औषध सुरू झालं. शुगरची औषधं बदलली. दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन १.१ वरून १.२५. जीएफआर ८१ वरून ६९. तो हादरला. ‘किडनीसाठी गोळ्या दिल्या आणि किडनीच बिघडली’ असं घरात सगळे म्हणू लागले.

हे का झालं ते तोट्यांकडे पाहून कळतं. दाब उतरवला की गाळणं थोडं कमी होणारच. जास्तीचा जीएफआर होता तो दाबाच्या जोरावर होता. तो जोर आपण मुद्दाम काढून घेतला. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढून स्थिरावलं तर सहसा औषध बंद करत नाहीत. इथे वाढ साधारण १४ टक्के आहे. ३० टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र कारण शोधावं लागतं: शरीरात पाणी कमी पडलंय का, वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, किडनीची धमनी अरुंद आहे का. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात ते याचसाठी. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

आता हिशेब मांडू. चार महिन्यांनी एसीआर ४२० वरून २३० झालं, बीपी १२८/७८, एचबीए१सी ७.२, आणि घसरण वर्षाला ६ वरून २ वर आली असं धरू. औषध न घेता तो ८१ वरून वर्षाला ६ ने उतरला असता, तर ५५ व्या वर्षी ६३ वर पोहोचला असता. औषध घेऊन तो ६९ वरून वर्षाला २ ने उतरतो, आणि ५५ व्या वर्षी तोही ६३ वरच असतो. म्हणजे तीन वर्षं कागदावर काहीच फायदा दिसत नाही, उलट पहिली दोन वर्षं औषध घेणाराच मागे दिसतो. खरा फरक त्यानंतरचा. ६० व्या वर्षी एकाचा जीएफआर ३३, दुसऱ्याचा ५३. ६३ व्या वर्षी एक १५ वर, डायलिसिसच्या उंबरठ्यावर, आणि दुसरा ४७ वर, कामाला जातोय. खऱ्या आयुष्यात रेषा इतक्या सरळ नसतात, पण त्यांची दिशा अशीच असते. पहिल्याच रिपोर्टला घाबरून ज्याने गोळ्या बंद केल्या, त्याचं क्रिएटिनिन लगेच पुन्हा १.१ वर येतं आणि त्याला वाटतं, बरं झालं सोडल्या.

गोळ्या थांबवायची एक योग्य वेळ मात्र असते. उलट्या, जुलाब, अन्नपाणी न जाणं, अशा आजारात शरीरातलं पाणी कमी होतं, आणि तेव्हा ‘प्रिल’, ‘सार्टन’ आणि ग्लिफ्लोझिन ही औषधं काही दिवस थांबवून बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करायला डॉक्टर सांगतात. ग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या आधीही थांबवतात, कारण उपाशी पोटी शुगर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. गरोदरपणात ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ चालत नाहीत. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून ती बदलून घ्यावीत. आणि दुप्पट फायदा होईल म्हणून ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ एकत्र घेऊ नयेत. तसं करून पाहिलं गेलं आहे, आणि पोटॅशियम वाढणं व किडनीला अचानक इजा होणं हेच वाढलं.

प्रोटीन जातंय म्हणजे ते मधुमेहामुळेच, असंही गृहीत धरू नये. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा नाहीत, मधुमेह अगदी नवा आहे, लघवीत रक्तपेशी दिसतात, किंवा प्रोटीन काही आठवड्यांत एकदम वाढलं, तर किडनीचा दुसराच आजार असू शकतो आणि त्यासाठी बायोप्सी लागू शकते. उलट काही जणांचा जीएफआर प्रोटीन न जाताही घसरतो, म्हणून दरवर्षी एसीआर आणि क्रिएटिनिन दोन्ही करायचे.

किडनी बरीच थकल्यावर आणखी एक फसवा चांगला आकडा येतो. इन्सुलिनचा निचरा करण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो. जीएफआर ३० च्या खाली गेल्यावर टोचलेलं इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, भूकही मंदावते, आणि वर्षानुवर्षं न उतरलेली शुगर आपोआप उतरू लागते. रक्त कमी झालेलं असेल तर एचबीए१सीही खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतं. मधुमेह बरा होतोय असं वाटून घरचे आनंदतात, आणि एखाद्या पहाटे घामाने भिजलेला माणूस हाकेला ओ देत नाही. तेव्हा शुगर ४५ असते. अशा वेळी शुद्ध असेल तर तोंडात साखर, नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना; आणि नंतर इन्सुलिनचा डोस, अनेकदा पाव ते निम्म्याने, कमी करायला डॉक्टरांना सांगायचं ते शुगरच्या वहीतल्या पहाटेच्या आकड्यांसकट.